शपथ शाळेत, पण फोन घरून

25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा. या दिवसांत परिपाठाला नेत्रदानावर जो बोलेल, त्यानं मुलांना शपथ देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दाता 18 वर्षांचा हवा. नववीतल्या मुलाच्या संकल्पपत्राला कायद्याचं बळ नाही. मोठ्यांनी भरलेला अर्जही कपाटात पडून राहिला तर वाया जातो, कारण मृत्यूनंतर नेत्रपेढीला कळवतात ते घरचेच आणि प्रत्यक्षात संमतीही त्यांचीच घेतली जाते. तेव्हा मुलांकडून मागायचं ते हे, की आज घरी जाऊन हा विषय काढा.

घरात तो निघाला की पहिली भीती पुढं येते ती चेहरा विद्रूप होण्याची. बहुतेक वेळा पूर्ण डोळा काढतच नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची काचेसारखी चकती, भोवतालच्या पांढऱ्या भागाच्या कडेसह काढून घेतात, तिथं प्लास्टिकची टोपी बसवतात आणि पापण्या मिटवतात. काम अर्ध्या तासात, घरीच होतं. अंत्यविधी अडत नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. एड्स, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर मात्र पडदा वापरत नाहीत, म्हणून रक्ताचा नमुनाही घेतात.

‘पुढच्या जन्मी आंधळं व्हावं लागेल’ ही भीती हसण्यावारी नेऊ नये. ती दुःखातून येते. पण आपण डोळ्यांसकट सगळा देह अग्नीला किंवा मातीला देतोच. त्यानं पुढचा जन्म बिघडत नसेल, तर एका पडद्यानं का बिघडावा?

आता गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या गावात पहाटे 2 वाजता आजोबा गेले असं धरा. पडदा साधारण 6 तासांत काढावा लागतो, म्हणजे हाताशी सकाळी 8पर्यंतचा वेळ आहे. सगळ्यांत आधी फोन, कारण पथकाला रस्त्यातच वेळ जाईल. मग पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच करायचं. पडदा सुकला तर तो निकामी होतो. वेळेत मिळाला तर ज्वारीच्या पानानं किंवा काट्यानं बुबुळाला जखम होऊन फूल पडलेल्या शेतकऱ्याला तो बसवता येतो. पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. काचबिंदूनं गेलेली दृष्टी मात्र यानं परत येत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं.

आणि भाषणाआधी शाळेनं जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारून, रात्रीही उचलला जाईल असा जवळच्या नेत्रपेढीचा नंबर मिळवावा, स्वतः लावून बघावा आणि मगच मुलांच्या वहीत उतरवून द्यावा.