भिंतीवर लिहायचा ‘का?’

आपल्याकडच्या शाळांच्या भिंती बोलक्या झाल्या, त्याला आता बरीच वर्षे लोटली. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात शिरा. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा, ऋतूंचे चक्र आणि दोन खांबांच्या मध्ये एखादा सुविचार हमखास भेटतो. या बोलक्या भिंतींचा एक स्वभाव मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या सतत सांगत असतात. विचारत काहीच नाहीत. म्हणून जेव्हा एखादी शाळा ठरवते, की यंदा व्हरांड्यात कुतूहलावर, प्रश्न विचारण्यावर एक कविता रंगवून घ्यायची, तेव्हा ते काम दिसते त्यापेक्षा अवघड निघते.

चार खोल्यांच्या अशाच एका शाळेतले हे काम जवळून पाहायला मिळाले. पूर्वेकडे तोंड केलेली इमारत, पुढे सहा फूट रुंदीचा व्हरांडा, कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ. गुरुजींनी कविता आधीच निवडून ठेवली होती:

प्रश्न विचारा मुलांनो,
प्रश्नांतून येते ज्ञान;
ज्ञानी होऊन जगात
मिळवा तुम्ही सन्मान.

अष्टाक्षरी चोख आहे, यमकही जुळते. पण बाईंनी पहिलीतल्या एका मुलीला ते वाचायला सांगितले, तेव्हा ती पहिल्याच शब्दापाशी थांबली. ‘प्रश्न’ या शब्दात दोन अक्षरे आणि दोन्ही जोडाक्षरे! बत्तीस अक्षरांच्या त्या कडव्यात आठ जोडाक्षरे होती. अक्षरओळख नुकती झालेल्या मुलाला प्रश्न विचारायला सांगणारी कविता त्याला वाचताच येत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण त्याहून मोठी. कविता प्रश्न विचारा म्हणते, पण तिच्यात एकही प्रश्न नाही. ती वाचून मूल काय करणार? मान डोलावणार आणि वर्गात जाऊन बसणार.

खरे तर मराठीने या कामी आपल्याला सोय करून दिली आहे. कोण, काय, का, कुठे, कधी, कसा, किती... आपले सगळे प्रश्न ‘क’ने सुरू होतात आणि या सात शब्दांत एकही जोडाक्षर नाही. बाराखडीतले पहिले व्यंजन ओळखू लागलेले मूल प्रश्नाच्या उंबरठ्यावर पोचलेले असते. बोलायला शिकताना मुले ‘काय’ आणि ‘कुठे’ आधी विचारू लागतात, ‘का’ आणि ‘कसे’ मागाहून येतात. शाळेत येईपर्यंत ही सारी भावंडे जिभेवर असतात. तेव्हा ‘प्रश्न’ हा शब्दच टाळायचा आणि सरळ प्रश्नच लिहायचे, असे ठरले. शिवाय प्रश्न असे हवेत, की उत्तरासाठी पुस्तक उघडावे लागू नये. त्याच व्हरांड्यात उभे राहून, डोळ्यांनी पाहून, बोटाने करून त्यांचा माग काढता यावा. बाईंनी आठवडाभर मधल्या सुटीत मुले कुठे रेंगाळतात, ते पाहिले. माठ, खांब आणि उंबऱ्याजवळची मुंग्यांची रांग ही तीन ठिकाणे निघाली. त्यांतून चार कडवी तयार झाली:

बाहेरून माठ ओला,
कोण शिंपडते पाणी?
आत गारवा कुठून
ठेवला आणून कोणी?

खांबाची सावली मोठी
सकाळी होती दारात;
दुपारी कुठे ती गेली,
कशी लपली खांबात?

मुंगीमागे चाले मुंगी,
कशी कळते ती वाट?
बोट मधून फिरले,
का उडाली घबराट?

बाई म्हणाल्या, “बाळांनो,
मलाही नाही माहीत;
चला शोधू या मिळून,
उद्या लिहू या वहीत.”

पहिल्या तीन कडव्यांत एकही जोडाक्षर नाही. चौथ्यात तीन आहेत, पण ‘म्हणाल्या’ आणि ‘उद्या’ हे शब्द मुलांच्या कानावर रोज पडतात.

प्रत्येक कडव्यामागे एक खरी तपासणी आहे. माठाच्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते. कोरड्या उन्हाळ्यात माठ गार होतो आणि दमट पावसाळ्यात तेवढा होत नाही, हे मुलांना स्वतःच कळते. एक गोम मात्र आहे. बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेलाही बाहेरून ओला होतो. पण ते पाणी आतून आलेले नसते, हवेतल्या बाष्पाचे असते. दोन्ही शेजारी ठेवले, की मुलांचा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

सावलीचे कडवे पूर्वाभिमुख व्हरांड्यासाठीच आहे. दर तासाला खडूने सावलीच्या टोकाशी खूण केली, की ती कशी आखडत जाते ते दिसते. इमारतीचे तोंड उत्तरेकडे असते, तर वर्षातला बराचसा काळ तिथे ऊनच आले नसते आणि ते कडवे खोटे ठरले असते. म्हणून दुसऱ्या शाळेने ही कविता जशीच्या तशी उचलू नये. आधी आपला व्हरांडा पाहावा.

मुंग्या वाटेवर वासाची खूण सोडत जातात. रांगेतून बोट फिरवले, की ती पुसली जाते आणि मुंग्या थबकून इकडेतिकडे हुडकू लागतात. पण मुंग्या काही वेळापत्रक पाहून येत नाहीत. त्या नसल्या, तर गुळाचा खडा ठेवून वाट पाहावी लागते.

शाळेच्या समितीत खरा वाद झाला तो चौथ्या कडव्यावर. बाईंनाच माहीत नाही, असे भिंतीवर लिहायचे? मग पालक काय म्हणतील? शंका रास्त होती. पण आपल्या परंपरेत याचा दाखला फार जुना आहे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना वर्षभर राहायला सांगतात आणि म्हणतात, मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सांगू. त्या सहांपैकी सुकेशा आपली हकिकत सांगतो, की कोसलच्या राजपुत्राने एकदा मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला मला ते माहीत नाही असे सांगितले. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचे सोंग त्याने आणले नाही. उलट तोच प्रश्न घेऊन तो गुरूकडे आला. हे ऐकल्यावर समितीतल्या एका आजोबांनी कडव्याच्या बाजूने हात वर केला आणि ते राहिले.

दुसरी सूचना आली, की प्रत्येक कडव्याखाली लहान अक्षरांत उत्तरही लिहावे. ती बाईंनी मोडून काढली. उत्तर खाली दिसत असेल, तर माठाला हात कोण लावील?

मग रंगाऱ्याचे काम. इथे कविता जगते किंवा मरते. सहसा लिखाण सहा-सात फूट उंचीवर होते, कारण मोठ्यांना तिथेच सोयीचे वाटते. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण साडेतीन फूट, चौथीतल्याची सव्वाचार. म्हणून कडव्याचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर आणि माथा पावणेपाच फुटांच्या आत ठेवला. अक्षर दोन इंच उंच. रंगाऱ्यांचा ढोबळ हिशेब दहा फुटांवरून वाचायला एक इंच असा असतो. पण नवशिक्या वाचकाला दुप्पट बरे. दोन ओळींमध्ये तीन इंच मोकळे सोडले, कारण देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. जागा चिमटली, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आठ अक्षरांची ओळ दीड-पावणेदोन फुटांत मावते. सहा फुटांच्या व्हरांड्यात मागे सरकायला जागा नसते. दहा फूट लांब ओळ तिथे चालत चालतच वाचावी लागली असती. आखूड छंदाचा हा भिंतीवरचा फायदा.

रंग देण्याआधी भिंतीची ओल पाहिली. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवायचा. आतून थेंब दिसले, तर ऑइल पेंट फुगून पापुद्रे सुटणार हे नक्की. एका ठिकाणी थेंब दिसले, ते माठाजवळ. म्हणून माठाचे कडवे दोन हात पलीकडे सरकवले आणि सगळे काम पावसाळ्यानंतर, दिवाळी झाल्यावर घेतले. जुना चुना खरवडला, कागदाने घासले, प्रायमर दिला. पार्श्वभूमी फिकट पिवळसर आणि अक्षरे गडद निळी ठेवली. चकाकणारा रंग टाळला. उघड्या बाजूच्या उजेडात त्यावर झळाळी येते आणि अर्धी ओळ दिसत नाही.

रंगाऱ्याने नीळ लावलेल्या दोऱ्याने ओळी आखल्या आणि आधी सगळे खडूने लिहिले. ते तपासायला गुरुजी नव्हे, तिसरीतली दोन मुले उभी केली. मोठ्यांचा डोळा लिहिलेले वाचत नाही, ठाऊक असलेले वाचतो. मुलांनी ‘घबराट’चा ‘धबराट’ झालेला पकडला. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक शिरोरेषेच्या एका तुकड्याचा असतो. कुंचला तिथे जरा घसरला, की शब्द बदलतो. ‘कुठून’, ‘मिळून’ यांतले दीर्घ उकारही दोन ठिकाणी ऱ्हस्व झाले होते. खडू पुसता येतो, ऑइल पेंट नाही.

चौथ्या कडव्याखाली दोन फुटांचा चौकोन फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवला आणि तिथे खडू टांगला. मुलांनी स्वतःचे प्रश्न तिथे लिहायचे. दोन आठवड्यांनी त्यावर कोणीतरी सुवाच्य अक्षरांत सुविचार लिहिला आणि मुलांचे लिहिणे थांबले. बाईंनी तो पुसला, स्वतःचा एक प्रश्न लिहिला: ‘पाल छतावरून पडत का नाही?’ दुसऱ्या दिवशी खाली तीन प्रश्न आले.

आणखी एक धोका राहतो. महिन्या-दोन महिन्यांत कविता पाठ होते. मुले सुरात म्हणतात, ‘कशी लपली खांबात’ आणि खांबाकडे पाहतही नाहीत. असे झाले, की ती कविता पुन्हा सुविचार झाली असे समजावे. म्हणूनच चारही कडवी वेगवेगळ्या चौकटींत रंगवली आहेत. दर दिवाळीनंतर एक चौकट खरवडायची आणि वर्षभर काळ्या चौकोनात जमलेल्या प्रश्नांतून मुलांनी निवडलेला एक प्रश्न तिथे लिहायचा. बाईंच्या वहीत पुढच्या वर्षासाठी सध्या दोन नावे आहेत: पालीचा प्रश्न, आणि दुसरीतल्या एका मुलाचा, ‘घंटेला हात लावला की आवाज कुठे जातो?’