प्लेटमागचा न्यूट्रल

घरात ‘स्मार्ट’ दिवे हवेत, पण भिंतीवरचे बोर्ड बदलायचे नाहीत, अशी अनेकांची मागणी असते. त्यासाठी काडेपेटीएवढे मॉड्यूल मिळते. ते जुन्या स्विचच्या मागे, भिंतीतल्या बॉक्समध्ये बसते. स्विच आणि प्लेट तीच राहते, दिवा मात्र बोर्डावरून आणि मोबाइलवरूनही लागतो. वायरमनला हे काम ‘स्मार्ट करून द्या’ एवढ्या तोंडी निरोपावर सांगितले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. त्याऐवजी पुढच्यासारखी चिठ्ठी बोर्डाजवळ चिकटवून ठेवावी.

‘दादा, हॉलच्या बोर्डात चार स्विच आणि एक सॉकेट आहे. ट्यूबलाइट आणि बाल्कनीचा दिवा यांच्या स्विचमागे एकेक मॉड्यूल बसवायचे आहे. पंख्याचा स्विच आणि रेग्युलेटर आहे तसेच ठेवा. स्विच बंद असला तरी मॉड्यूलला वीज मिळत राहिली पाहिजे. न्यूट्रल याच बोर्डातल्या सॉकेटवरून घ्या, अर्थिंगवरून अजिबात नको. बेडरूमच्या बोर्डात सॉकेट नाही. तिथे न्यूट्रल सापडला नाही, तर काम थांबवून मला फोन करा.’

या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ एकेका नेहमीच्या चुकीवर बोट ठेवते.

साध्या स्विचला न्यूट्रल लागत नाही. फेज स्विचपर्यंत येतो, तिथून दिव्याकडे जातो आणि न्यूट्रल थेट दिव्याला जोडलेला असतो. मॉड्यूलमध्ये मात्र वायफायचा सर्किट बोर्ड अखंड चालू असतो, म्हणून त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही कायम लागतात. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांत सॉकेट असते, त्यामुळे न्यूट्रल हाताशी असतो. नुसत्या स्विचच्या बोर्डात तो बऱ्याचदा नसतो.

अशा वेळी काही जण हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग, न्यूट्रलच्या जागी जोडतात. दिवा लागतो, ॲपही चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. एक वॅट खाणारे मॉड्यूल २३० व्होल्टवर साधारण ४ मिलिॲम्पिअर प्रवाह अर्थिंगमध्ये सोडते. घरातला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी एवढ्याने पडत नाही. पण तो १५ ते ३० यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. त्यामुळे अशी चार-पाच मॉड्यूल झाली की घरची वीज कारण न कळता जाऊ लागते. त्याहून वाईट म्हणजे, वाटेत कुठे अर्थिंग तुटले तर मॉड्यूलमधून आलेला फेज त्याच वायरने फ्रिज किंवा गीझरच्या धातूच्या अंगावर पोहोचू शकतो. आरसीसीबी नसलेल्या घरात तर पूर्वसूचनाही मिळत नाही.

दुसरी चूक सोपी आणि फार प्रचलित. वायरमन मॉड्यूल स्विचच्या पुढे, दिव्याच्या वाटेवर जोडतो. मग स्विच बंद केला की मॉड्यूलचीही वीज जाते आणि ॲपमध्ये ते ‘ऑफलाइन’ दिसते. बरोबर जोडणीत फेज थेट मॉड्यूलच्या इनपुटला जातो, आउटपुट दिव्याकडे जातो आणि स्विचच्या दोन वायरी मॉड्यूलच्या ‘स्विच’ टोकांना येतात. स्विच आता फक्त इशारा देतो, दिव्याचा प्रवाह त्यातून जात नाही.

इथे बोर्डातला लूप आडवा येतो. बोर्डात फेज एका स्विचवरून दुसऱ्यावर असा पुढे नेलेला असतो. ट्यूबलाइटच्या स्विचवरचा फेज काढला, की त्याच्या पुढचे स्विच मरतात. म्हणून काढलेली टोके एकत्र कनेक्टरमध्ये जोडून त्यातूनच मॉड्यूलला फेज द्यावा लागतो. उलट, हा फेज स्विचवर तसाच राहिला आणि मॉड्यूलची ‘स्विच’ टोके कोरड्या संपर्कासाठी असली, तर मॉड्यूल जळते. काही कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये मात्र याच टोकाला फेजच द्यायचा असतो. त्यामुळे डब्यातली आकृती चिठ्ठीसोबत ठेवणे हिताचे.

पंखा वगळण्याचे कारण वेगळे आहे. साधे मॉड्यूल पंखा चालू-बंद करते, वेग बदलत नाही. गीझरचा प्रश्न प्रवाहाचा आहे. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ ॲम्पिअर घेतो, त्यामुळे १० ॲम्पिअरचे मॉड्यूल सतत काठावर चालते आणि बंद बॉक्समध्ये तापते. तिथे १६ ॲम्पिअरचेच घ्यावे.

काम संपल्यावर वायरमन असतानाच तीन गोष्टी पाहाव्यात. स्विच बंद ठेवून ॲपमधून दिवा लावावा. ॲपमधून विझवून बोर्डावरून लावावा. शेवटी एमसीबी पाडून पुन्हा चढवावा. वीज परत आल्यावर दिवा आपोआप लागला, तर दोष वायरिंगचा नसून ॲपमधल्या सेटिंगचा असतो, आणि ते तिथेच ‘बंद’वर करून घेता येते.