मधुमेहाच्या पुडीवर काय लिहावं?

एका काष्ठौषधी दुकानदारानं व्यापारी संघाच्या बैठकीत एकच पुडी हातात घेऊन भाषण केलं. पुडीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘मधुमेह मुळापासून बरा’. मागच्या बाजूला ना घटकांची यादी, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता. “मंडळी, हा माल मी दुकानात ठेवणं बंद केलंय,” ते म्हणाले.

कारण त्यांनी नीट उलगडून सांगितलं. मेथी, जांभूळबी, गुडमार यांनी काहींची साखर थोडी उतरत असेल, पण त्यानं मधुमेह बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. ‘बरा’ हा शब्द वाचून गिऱ्हाईक डॉक्टरांची गोळी सोडतं. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबलं, तर दोन-चार दिवसांत रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं.

दुसरा धोका पुडीच्या आत असतो. काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी आधुनिक गोळी कुटून मिसळल्याचं तपासणीत सापडलं आहे. दोन दिवसांत साखर झपाट्यानं उतरली तर खूश होण्याऐवजी शंका घ्यावी, असं ते म्हणाले. डॉक्टरांची गोळी चालू असताना ही चोरटी मात्रा वर पडली की घाम येतो, हात थरथरतात, शुद्धही हरपते. वासावरून वा चवीवरून ही भेसळ कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते.

“गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाईल, त्याचं काय?” एकानं विचारलं. त्यावर त्यांनी १९५४चा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा पुढे केला. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला त्यात मनाई आहे, आणि जाहिरातीत लेबल, वेष्टन, तोंडी पुकारासुद्धा येतो. म्हणजे नुसता फलक उतरवून भागत नाही, गल्ल्यावरून ‘हमखास गुण’ म्हणणंही थांबवावं लागतं. माझ्या मते भाषणातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच, कारण बहुतेक दावे छापलेले नसतात, बोललेले असतात.

मग विकायचं काय? चार वनस्पती मिसळून औषध म्हणून विकायचं तर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना लागतो. तो त्यांच्याकडे नाही, म्हणून ते सुटा माल देतात. त्यांच्या नव्या चिठ्ठीवर असतं: ‘जांभूळ, वाळवलेल्या बिया, १०० ग्रॅम’, पॅक केल्याची तारीख, माल कोणत्या गोणीतला आणि दुकानाचा पत्ता. रोगाचं नाव नाही. कंपनीचं तयार चूर्ण घेताना ते परवाना क्रमांक, बॅच, घटकांचं प्रमाण आणि मुदत पाहतात. यातलं एकही नसेल तर माल परत.

वाचकहो, तुमच्या घरी अशी पुडी असेल तर तिची मागची बाजू वाचा. घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका, आणि कोणतंही चूर्ण सुरू करण्याआधी डॉक्टरांना पुडी दाखवा.