तपासी अंमलदाराची डायरी: एक मागोवा

गुन्ह्याची खबर केव्हा मिळाली, तपास किती वाजता आरंभिला व केव्हा थांबविला, कोणकोणत्या स्थळी जाणे झाले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे तपासी अंमलदाराने रोजच्या रोज लिहून ठेवावे, असा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७२ व्या कलमाचा दंडक होता. तोच १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९२ वे कलम म्हणून अमलात आहे. न्यायालयाने ही डायरी मागवावी, चौकशीस वा खटल्यास तिचे साहाय्य घ्यावे, परंतु तिला पुरावा मानू नये, आणि आरोपीस ती पाहण्याचा हक्क नसावा, हा त्याचा गाभा इतक्या काळात ढळलेला नाही.

या मर्यादेचे उल्लंघन किती सहज घडते, हे हबीब महंमद विरुद्ध हैदराबाद राज्य या प्रकरणात १९५३ साली दिसले. न्यायाधीशांनी साक्षीपुराव्याविषयी बनविलेल्या आपल्या मताला डायरीतील मजकुराचा दुजोरा शोधला; सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरविले, कारण डायरीचा उपयोग खटल्यास साहाय्य करण्यापुरताच आहे, तीतील मजकूर निकालाचा आधार होऊ शकत नाही.

मग बचावाच्या हाती काय उरते? समजा, चाकूच्या जप्तीचा पंचनामा रात्री आठचा आहे, आणि त्या तारखेच्या डायरीत मात्र अंमलदार नऊ वाजेपर्यंत इस्पितळात जखमीचा जबाब घेत असल्याची नोंद आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने ते पान उघडून वेळ सांगितली, म्हणजे स्मृतीला उजाळा देण्यासाठी डायरी वापरली, तर बचावाच्या वकिलास तो भाग पाहून उलटतपास घेता येतो. न्यायालयाने स्वतः त्या नोंदीच्या आधारे अंमलदारास खोडून काढले, तरीही तो भाग बचावास खुला होतो. अंमलदार डायरी न उघडता बोलला आणि न्यायालयानेही मौन पाळले, तर ती विसंगती आरोपीच्या दृष्टीआडच राहते. बलकराम विरुद्ध उत्तराखंड राज्य या २०१७ च्या निर्णयाने तर माहिती अधिकारातून मिळविलेली पानेही या दोन प्रसंगांवाचून उलटतपासात वापरण्यास मनाई केली.

खबऱ्यांच्या संरक्षणासाठी गुप्तता हवी, हे मला मान्य आहे. पण दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतरही अंमलदाराच्या हालचालींच्या वेळा झाकून ठेवण्याचे समर्थन मला सापडत नाही. म्हणूनच २००९ च्या अखेरीस अमलात आलेली दुरुस्ती मला मोलाची वाटते: डायरी सुट्या कागदांची नसावी, बांधीव व पृष्ठांकित असावी, साक्षीदारांचे जबाब तीत समाविष्ट असावेत, असे तिने ठरविले, त्यामुळे मागाहून पान घुसडणे कठीण झाले. त्याखेरीज रिमांडच्या वेळी नोंदींची प्रत दंडाधिकाऱ्याकडे जातेच. मूळ डायरीत पुढे भर पडल्याचा संशय आला, तर ती प्रत व मूळ डायरी ताडून पाहण्याची विनंती बचावाने न्यायालयास करावी, कारण दोन्ही कागद पाहण्याचा अधिकार न्यायालयास निश्चित आहे.