एक ‘ज्याला’, तीन उत्तरे: जर्मनमधील संबंधी सर्वनामांच्या रिकाम्या जागा

जर्मन व्याकरणाच्या स्वाध्यायात एक प्रकार ठरलेला असतो. वाक्य अर्धे झाले की स्वल्पविराम येतो, त्यानंतर एक रिकामी जागा आणि तिच्यापुढे क्रियापदावर संपणारे गौणवाक्य. त्या जागेत संबंधी सर्वनाम लिहायचे, म्हणजे मराठीतल्या ‘जो, जी, जे, ज्याला, ज्याचा’ या कुटुंबातले जर्मन रूप. जागा एकच असली, तरी ती भरताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लिंग, वचन आणि विभक्ती. पहिल्या दोन एका ठिकाणाहून मिळतात आणि तिसरी दुसऱ्याच ठिकाणाहून. बहुतेक चुका ही दोन ठिकाणे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

लिंग आणि वचन स्वल्पविरामाच्या अलीकडे मिळते. ज्या नामाबद्दल गौणवाक्य काही सांगते, त्या नामाचे लिंग आणि वचन सर्वनाम घेते. विभक्ती मात्र स्वल्पविरामाच्या पलीकडे, गौणवाक्याच्या आत ठरते. तिथे ते सर्वनाम कर्ता आहे की कर्म, की ज्याला काही द्यायचे तो माणूस, हे पाहायचे. मुख्य वाक्यात त्या नामाची विभक्ती कोणती आहे, याच्याशी रिकाम्या जागेचे काहीही देणेघेणे नसते. ‘इश केने डेन मान, ___ डोर्ट श्टेट’ म्हणजे ‘तिथे उभा आहे तो माणूस माझ्या ओळखीचा आहे’. इथे समोर ‘डेन मान’ दिसते, म्हणून पुष्कळ जण जागेतही ‘डेन’ लिहितात. पण गौणवाक्यात उभा राहणारा तोच, म्हणजे कर्ता. म्हणून उत्तर ‘डेर’.

रूपे पाठ करण्याचा भार वाटतो त्यापेक्षा हलका आहे. तीन लिंगे आणि अनेकवचन यांना चार विभक्त्यांनी गुणले की सोळा घरांचा तक्ता होतो, पण त्यात वेगळी रूपे आठच: डेर, डी, डास, डेन, डेम, डेनन, डेसन, डेरन. त्यातही अकरा घरांत नेहमीची निश्चित उपपदेच असतात. फरक पडतो तो षष्ठीच्या चारही घरांत आणि चतुर्थीच्या अनेकवचनात. षष्ठीत पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामासाठी ‘डेसन’, स्त्रीलिंगी व अनेकवचनी नामासाठी ‘डेरन’ येते; चतुर्थीच्या अनेकवचनात ‘डेन’ ऐवजी ‘डेनन’. प्रथमा आणि द्वितीया यांचे रूप फक्त पुल्लिंगी एकवचनात वेगळे होते. त्यामुळे नाम स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी किंवा अनेकवचनी असेल, तर कर्ता की थेट कर्म या प्रश्नाने उत्तर बदलत नाही. खरी कसोटी पुल्लिंगी नामांवरच लागते.

एकच नाम चार वाक्यांतून फिरवले की ही यंत्रणा स्पष्ट दिसते. ‘डास इस्ट डेर नाखबार’, म्हणजे ‘हा तो शेजारी’, ही सुरुवात कायम ठेवू.

‘…, ___ इम ड्रिटन श्टॉक वोन्ट’: जो तिसऱ्या मजल्यावर राहतो. राहणारा तोच, म्हणून ‘डेर’.

‘…, ___ इश येडन मॉर्गन झेए’: जो मला रोज सकाळी दिसतो. मराठीत दिसणारा शेजारी कर्त्याच्या जागी आहे. जर्मनमध्ये पाहणारा ‘इश’ म्हणजे मी कर्ता आणि शेजारी कर्म. उत्तर ‘डेन’.

‘…, ___ इश गेस्टर्न गेहोल्फन हाबे’: ज्याला मी काल मदत केली. ‘हेल्फन’ हे क्रियापद चतुर्थी मागते, म्हणून ‘डेम’.

‘…, ___ टॉख्टर इन बर्लिन श्टुडीर्ट’: ज्याची मुलगी बर्लिनमध्ये शिकते. मालकी दाखवायची आहे, म्हणून ‘डेसन’.

शेजाऱ्याच्या जागी शेजारीण, म्हणजे ‘डी नाखबारिन’, आणली की उत्तरे अनुक्रमे डी, डी, डेर, डेरन अशी होतात. यातले तिसरे ‘डेर’ नवख्याला चकवते, कारण ते पुल्लिंगी प्रथमेसारखे दिसते. प्रत्यक्षात ती स्त्रीलिंगी चतुर्थी असते. अनेक शेजारी असतील तर डी, डी, डेनन, डेरन.

विभक्तीबद्दल शंका आली तर एक साधी तपासणी आहे. गौणवाक्य मोडून त्याचे स्वतंत्र वाक्य करायचे आणि रिकाम्या जागेच्या नामासाठी साधे पुरुषवाचक सर्वनाम घालायचे. ‘एर’ बसले तर ‘डेर’, ‘ईन’ बसले तर ‘डेन’, ‘ईम’ बसले तर ‘डेम’. शेवटचा व्यंजनध्वनी तोच राहतो. स्त्रीलिंगी ‘ईर’चे ‘डेर’ होते, अनेकवचनी ‘ईनन’चे ‘डेनन’. ‘इश हाबे ईम गेहोल्फन’ म्हणता येते, ‘ईन’ म्हणता येत नाही, हे कानाला माहीत असेल तर तक्ता आठवण्याची गरज उरत नाही. ते माहीत नसेल, तर अडचण संबंधी सर्वनामाची नाही, त्या क्रियापदाची आहे. क्रियापद शिकतानाच ते कोणती विभक्ती घेते हे शिकायला हवे होते.

मराठी भाषकाला या विषयात एक सोय आहे आणि एक सापळाही. सोय अशी की ‘जो’ लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलतो ही कल्पना त्याला नवी नसते. सापळा असा की मराठीचे ‘ला’ जर्मनच्या एकाच विभक्तीशी बांधलेले नाही. ‘ज्याला मी ओळखतो’, ‘ज्याला मी मदत करतो’ आणि ‘ज्याला जर्मन येते’ ही तीन वाक्ये घेतली, तर मराठीत तिन्हीकडे ‘ज्याला’ आहे. जर्मनमध्ये ओळखणे हे ‘केनन’ थेट कर्म घेते, म्हणून ‘डेन’. मदतीचे ‘हेल्फन’ चतुर्थी घेते, म्हणून ‘डेम’. आणि जर्मन येणारा माणूस तिथे चक्क कर्ता असतो, ‘डेर डॉइच कान’, म्हणून ‘डेर’. ताप असलेला, भूक लागलेला माणूसही जर्मनमध्ये कर्ताच. प्रश्न विचारला तर ‘फ्रागन’साठी ‘डेन’, उत्तर दिले तर ‘आंटवोर्टन’साठी ‘डेम’. ‘ज्याला ही खोली आवडते’ याचे उत्तर तर क्रियापद पाहिल्याशिवाय देताच येत नाही: ‘गेफालन’ असेल तर ‘डेम’, ‘म्योगन’ असेल तर ‘डेर’.

उलट दिशेनेही घोळ होतो. निर्जीव कर्माला मराठी सहसा ‘ला’ लावत नाही. ‘जो चित्रपट तू मला सुचवलास’ यात चित्रपट कर्म आहे, पण रूप ‘जो’. ते पाहून ‘डेर फिल्म’साठी जागेत ‘डेर’ लिहिले जाते. वाक्य असते ‘डेर फिल्म, ___ डू मिर एम्पफोलन हास्ट’. सुचवणारा ‘डू’ म्हणजे तू, ज्याला सुचवले तो ‘मिर’ म्हणजे मला, आणि सुचवलेली वस्तू चित्रपट. उत्तर ‘डेन’. थोडक्यात, मराठी भाषांतर अर्थ कळण्यापुरते करावे. विभक्ती त्यावरून काढू नये.

षष्ठीत मराठीची सवय आणखी आडवी येते. ‘ज्याचा भाऊ, ज्याची बहीण, ज्याचे घर’ यांत दोन जुळण्या असतात: ‘ज्या’ मालकाशी जुळते आणि ‘चा, ची, चे’ पुढच्या नामाशी. जर्मन फक्त पहिली जुळणी करते. मालक पुरुष असेल तर भाऊ, बहीण, घर सगळ्यांपुढे ‘डेसन’च, मालकीण असेल तर सगळ्यांपुढे ‘डेरन’. पुढे ‘टॉख्टर’ म्हणजे मुलगी दिसली, म्हणून स्त्रीलिंगी ‘डेरन’ लिहिणे ही यातली सर्वांत नेहमीची चूक. शब्दयोगी अव्यय आले तरी हे रूप हलत नाही: ‘मिट डेसन टॉख्टर’. शिवाय या रूपानंतरच्या नामाला उपपद लागत नाही. त्यामुळे मध्ये विशेषण आले तर विभक्तीची खूण त्या विशेषणावर चढते: ‘डेसन नॉयेस आउटो’ म्हणजे ज्याची नवी गाडी, पण ‘मिट डेसन नॉयेम आउटो’ म्हणजे ज्याच्या नव्या गाडीने.

रिकाम्या जागेच्या आधी जर्मनमधले अव्यय छापलेले असेल, तर काम बहुधा सोपे होते, कारण विभक्ती तेच ठरवते. ‘मिट’नंतर चतुर्थी, ‘फ्यूर’नंतर द्वितीया. फक्त ‘इन’, ‘आउफ’ यांसारखी नऊ अव्यये दोन्हीकडे चालतात. ती आली की थांबून पाहावे लागते. ‘डी श्टाट, इन ___ इश वोने’ म्हणजे ज्या शहरात मी राहतो. स्थान आहे, म्हणून चतुर्थीचे ‘डेर’. ‘डी श्टाट, इन ___ इश फारे’ म्हणजे ज्या शहरात मी जातो. गती आहे, म्हणून द्वितीयेचे ‘डी’. मराठीत दोन्हीकडे ‘ज्या शहरात’ म्हणता येते, तेव्हा इथेही शेवटचे क्रियापद वाचूनच ठरवायचे.

लिंगाच्या बाबतीत फसवणारी नामे थोडी आहेत, पण स्वाध्याय रचणाऱ्यांची ती आवडती असतात. ‘डास मेडशेन’ म्हणजे मुलगी, तरी व्याकरणात नपुंसकलिंगी. म्हणून ती कर्ता असताना ‘डास’, तिला मदत केली तर ‘डेम’. ‘डी’ किंवा ‘डेर’ नाही. वचनाची फसगत ‘लेअरर’ म्हणजे शिक्षक अशा नामांत होते, कारण त्यांचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच दिसते. तिथे उपपद पाहायचे: ‘डेर लेअरर, डेम विर डांकन’ म्हणजे ज्या एका शिक्षकाचे आभार आपण मानतो, आणि ‘डी लेअरर, डेनन विर डांकन’ म्हणजे ज्या अनेक शिक्षकांचे. मुख्य वाक्याचे क्रियापद पुढे आले असेल तर तेही वचन सांगून जाते.

‘आलेस’, ‘निष्ट्स’, ‘एटवास’ म्हणजे सगळे, काही नाही, काहीतरी, असे मोघम शब्द आधी आले तर या आठांपैकी काहीच न लिहिता ‘वास’ लिहायचे. त्याला लिंगवचनाचा प्रश्नच नाही.

काही जागा मात्र नियम बरोबर लावूनही एका उत्तरावर येत नाहीत. ‘डी टॉख्टर डेस आर्त्स्टेस, ___ इन क्योल्न आर्बाइटेट’ म्हणजे डॉक्टरांची मुलगी, आणि पुढे क्योल्नमध्ये काम करण्याविषयी. ‘डी’ लिहिले तर क्योल्नमध्ये काम करते ती मुलगी. ‘डेर’ लिहिले तर डॉक्टर. दोन्ही वाक्ये व्याकरणाला मान्य आहेत. आधीच्या मजकुरातून संदर्भ दिलेला नसेल, तर उत्तरसूचीत दोन्ही उत्तरे छापायला हवीत. एकच छापलेले असेल, तर उणीव विद्यार्थ्याची नाही, प्रश्नाची आहे.