सेक्टर 10, पण कुठला?

भाचीच्या लग्नाचा व्हॉट्सॲप मेसेज मीच लिहिला होता. 'लग्न सेक्टर 10 मध्ये, मेट्रोजवळ, मुहूर्त 11 वाजून 47 मिनिटे, अगत्य येणे.' दिल्लीत वीस वर्षं राहिल्यामुळे मला सेक्टर 10 म्हणजे द्वारकाच वाटलं. पुण्याहून आलेले आत्या आणि काका निजामुद्दीन स्टेशनवर उतरले, टॅक्सीत बसले आणि ॲपवर 'सेक्टर 10' टाकून थेट गुरुग्रामला पोहोचले. ते हॉलवर आले तेव्हा अक्षता टाकून पाऊण तास झाला होता. आत्या काही बोलली नाही, पण तिने बटव्यात जपून आणलेल्या अक्षता मला दाखवल्या.

दिल्ली-एनसीआरमध्ये सेक्टर 10 द्वारकेत आहे, रोहिणीत आहे, नोएडात, गुरुग्राममध्ये आणि फरीदाबादलाही आहे. त्यामुळे पत्ता लिहिताना सेक्टरच्या आधी उपनगराचं नाव आणि शेवटी पिनकोड हवाच. पिनकोडचे पहिले तीन आकडेच निम्मा घोळ मिटवतात. 110 म्हणजे दिल्ली, 122 म्हणजे गुरुग्राम, 121 म्हणजे फरीदाबाद आणि 201 असेल तर नोएडा-गाझियाबादची बाजू.

खुणेची गोष्टही तशीच. 'मिठाईच्या दुकानासमोर' असं लिहू नका, दिल्लीत तसं दुकान प्रत्येक वळणावर असतं. इथले लोक पत्ता सांगताना मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगतात आणि ती पद्धत उत्तम आहे, कारण उंचावरून जाणाऱ्या मार्गाच्या खांबांवर मोठे आकडे रंगवलेले असतात. मात्र एकच नंबर दुसऱ्या मार्गावरही सापडू शकतो, म्हणून खांबासोबत रस्त्याचं नाव लिहा. हॉल रस्त्याच्या कोणत्या हाताला आहे तेही सांगा. मधे दुभाजक असेल तर समोर दिसणाऱ्या हॉलसाठी गाडीला पुढे लांब जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो आणि मुहूर्ताच्या घाईत तेवढा वेळ नसतो.

आता गेट. आपण मराठी माणसं इथे खरे फसतो ते इथेच. दिल्लीची बरीच लग्नं रात्री असतात, आपला मुहूर्त बहुधा सकाळचा किंवा दुपारचा. आमच्या हॉलचं रस्त्यावरचं मोठं, कमानीचं गेट सकाळी बंद होतं, कारण आदल्या रात्रीच्या लग्नाची फुलं उतरवली जात होती आणि तिथे टेम्पो आडवा लावला होता. पाहुण्यांसाठी बाजूच्या गल्लीतलं छोटं गेट उघडं होतं. नकाशाची पिन मात्र इमारतीच्या मधोमध पडली होती, म्हणून ॲपने काही गाड्या मागच्या, आचाऱ्यांच्या दारी नेल्या. हॉल ठरवताना आपण संध्याकाळी जातो आणि ती झगमगीत कमान पाहून येतो. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी पाहुणे ज्या वेळी येणार त्याच वेळी एकदा जा आणि व्यवस्थापकाला विचारा, 'सकाळी नऊ वाजता कोणतं गेट उघडं असेल? गाडी कुठे लावायची?' मग त्या उघड्या गेटसमोर उभं राहून नकाशावर तिथेच बोट दाबून धरा आणि पडलेली पिन पाठवा. हॉलचं नाव शोधून मिळालेली पिन पाठवू नका. 'लाइव्ह लोकेशन' तर नकोच, ते तुमच्याबरोबर फिरतं आणि ठरलेल्या वेळेने बंद होतं.

पुढच्या वर्षी धाकट्या भाचीचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. तेव्हा मेसेज असा गेला:

'द्वारका सेक्टर 10, नवी दिल्ली 110075. हॉलचं नाव पत्रिकेत आहे. खूण: ब्लू लाइनचं द्वारका सेक्टर 10 मेट्रो स्टेशन. (गुरुग्राम किंवा नोएडाचं सेक्टर 10 नव्हे.) मोठ्या कमानीचं गेट सकाळी बंद असतं. कमान ओलांडून डावीकडच्या पहिल्या गल्लीत वळा, छोटं हिरवं गेट, तिथे केळीचे खांब बांधले आहेत. मुहूर्त 11:47, कृपया 11 पर्यंत या. ड्रायव्हर के लिए: द्वारका सेक्टर 10, मेट्रो स्टेशन के पास, बड़े गेट से आगे बाईं गली, हरा गेट.'

शेवटची हिंदी ओळ जावयाने सुचवली. पाहुणा फोन टॅक्सीवाल्याच्या हातात देतो, तेव्हा त्याला मराठी वाक्यांतून वाट शोधत बसावं लागू नये. आणखी एक, हा मजकूर पत्रिकेच्या चित्रात टाकून पाठवू नका. चित्रातला पत्ता कॉपी करून ॲपमध्ये टाकणं अनेकांना जमत नाही, म्हणून साधा टाइप केलेलाच असू द्या. ग्रुपवर तो 7 दिवसांसाठी पिन करून ठेवा, नाहीतर 'अभिनंदन' आणि फुलांच्या ढिगाखाली तो दिसेनासा होतो. लग्नाच्या आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा पाठवा, तेव्हा सोबत गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. तो नंबर नवरीच्या वडिलांचा नको, ते होमापाशी असतील. आम्ही चुलत भावाला उभं केलं होतं. आत्या त्या वेळी पावणेअकरालाच आली आणि तिने पहिलं काय केलं असेल, तर बटवा उघडून अक्षता तपासल्या.