ट्रॉलीमागची झुरळं आणि पावतीमागचा मजकूर

पेस्ट कंट्रोलचा वार्षिक करार करताना आपण साधारण दोनच गोष्टी विचारतो. किती पैसे, आणि औषधाला वास येतो का? मीही गेल्या जूनमध्ये तेवढंच विचारलं होतं. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक टायपात दहा-बारा ओळी होत्या. त्या मी चष्मा लावून वाचल्या त्या ऑक्टोबरात, भांडणाची वेळ आल्यावर.

करार नेहमीचाच होता. दोन बेडरूमचा फ्लॅट, झुरळं आणि लाल-काळ्या मुंग्यांसाठी वर्षात तीन सर्व्हिस: जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. मध्ये त्रास झाला तर फोन करायचा, माणूस फुकट येऊन जाईल. ठरलेली फेरी ती सर्व्हिस आणि तक्रारीवरून आलेली फेरी तो ‘कॉल’, हे त्यांच्या बोलीतले शब्द. वॉरंटी म्हणतात ती या कॉलचीच. पैसे परत मिळण्याशी तिचा काही संबंध नसतो.

जूनमध्ये आलेल्या मुलाकडे फवारणीचा पंपही नव्हता. एक टॉर्च आणि जेलची सिरिंज. त्याने ओट्याखालच्या ट्रॉल्या एकेक करून चॅनलवरून उचलून बाहेर काढल्या, बिजागऱ्यांच्या खाचांत, फ्रिजच्या मागे, मिक्सरच्या बुडाशी मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके लावले आणि अर्ध्या तासात गेला. चार-पाच दिवसांत सकाळी ओट्याखाली मेलेली झुरळं दिसायला लागली. मी खूश. मग तिसऱ्या आठवड्यात गॅसच्या शेगडीखालून तिळाएवढी पिल्लं पळताना दिसली, आणि मी कपाटातला स्प्रे काढून सगळ्या ट्रॉल्यांत मारला.

दुसऱ्या दिवशी फोन केला, तोच मुलगा आला. ट्रॉली बाहेर काढून त्याने नुसता वास घेतला. ‘‘काकू, स्प्रे मारलात ना?’’

मी हो म्हटल्यावर त्याने जे सांगितलं, ते पावतीवर एका ओळीत होतं: ग्राहकाने स्वतः फवारणी केल्यास वॉरंटी लागू नाही. मला ती पळवाट वाटली होती. पण त्यात तथ्य आहे. जेल हे झुरळाचं विषारी खाणं आहे. झुरळाने ते आपणहून येऊन खायचं, बिळात जाऊन मरायचं, आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाऊन पिल्लांनीही मरायचं, असा तो हिशेब. दुकानातल्या स्प्रेचा थर ठिपक्यावर बसला की झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. शिवाय ती हुसकावली जाऊन खोलीभर पांगतात. म्हणजे मी माझ्याच पैशांचं औषध निकामी केलं होतं. ओल्या फडक्याने ट्रॉली पुसली तरी तेच होतं, फक्त तिथे ठिपकाच निघून जातो.

आणि ती पिल्लं औषध फसल्याची खूण नव्हती. स्वयंपाकघरातलं छोटं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेलं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. त्याची मादी अंड्यांची डबी पोटाशी घेऊन हिंडते. एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात आणि ती फुटायला साधारण चार आठवडे लागतात. अंड्यावर जेलचा परिणाम होत नाही, कारण अंडं काही खात नाही. त्यामुळे पहिल्या सर्व्हिसनंतर दोन-तीन आठवड्यांनी बारकी पिल्लं दिसणं अपेक्षितच असतं. ती ताजं जेल खातात आणि मरतात. महिन्या-दीड महिन्यानंतरही लहान, मधली, मोठी अशी सगळ्या मापांची झुरळं एकत्र दिसली, किंवा दिवसाउजेडी दिसायला लागली, तर मात्र औषध कमी पडलंय असं समजावं.

करारातल्या वेळापत्रकाची खरी अडचण इथे आहे. पिल्लाचं पुढे अंडी देणारं झुरळ व्हायला उबदार स्वयंपाकघरात दोनेक महिने पुरतात. दोन सर्व्हिसमध्ये चार महिन्यांचं अंतर, म्हणजे तेवढ्यात एक पिढी आरामात उभी राहते. म्हणून झुरळं आधीच भरपूर असलेल्या घरात फेब्रुवारीतल्या तिसऱ्या फेरीपेक्षा पहिल्या फेरीनंतर तीन आठवड्यांनी होणारी दुसरी फेरी जास्त कामाची. ती वर्षाच्या तीनांतली एक धरली जाणार की वेगळी, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं. कॉल किती दिवसांत येणार हेही. बऱ्याच पावत्यांवर कॉल ‘फुकट’ असतो, पण किती दिवसांत ते लिहिलेलं नसतं.

माझं प्रकरण ऑक्टोबरात पुन्हा उभं राहिलं. दिवाळीच्या गडबडीत मी सर्व्हिस पुढे ढकलायला निघाले होते. ढकललेली सर्व्हिस कराराचं वर्ष संपल्यावर मिळत नाही, ही ओळ सुदैवाने तेव्हाच दिसली. मुलगा आला, ट्रॉल्यांत फारसं काही नव्हतं. पण बाथरूममध्ये रात्री मोठी, लालसर, उडणारी झुरळं येत होती. तो म्हणाला, ही गटारातली. डक्टमधल्या पाइपांवरून आणि खालच्या चेंबरमधून वर येतात. त्याने मोरीच्या जाळीभोवती औषध मारलं, आणि डक्टकडे बोट दाखवून हात वर केले. पावतीवर साफ लिहिलं होतं: सामाईक जागा, डक्ट, चेंबर, गच्ची करारात नाहीत. म्हणजे झुरळ माझं, पण त्याचं घर सोसायटीचं! शेवटी आम्ही आठ फ्लॅटवाल्यांनी सेक्रेटरींकडून चेंबरचं काम वेगळं करून घेतलं. त्यानंतर बाथरूम शांत झालं.

त्याच दिवशी मी त्याला बेडरूमच्या दाराची चौकट दाखवली. चौकटीच्या पायथ्याशी मातीची पेन्सिलएवढी जाड रेघ वर चढली होती. ‘‘काकू, ही वाळवी. ती यात येत नाही.’’ ते ‘यात येत नाही’ आधी मला राग आणून गेलं, पण वाळवीचं कामच निराळं आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फुटाफुटावर भोकं पाडतात, त्यांतून औषध जमिनीत सोडतात आणि भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. त्याची वॉरंटी वेगळी, बहुधा काही वर्षांची, पण तीही पुन्हा औषध मारून देण्याची. खाल्लेल्या चौकटीचे पैसे कोणी देत नाही. भिंतीत पाणी झिरपत असेल तर ती वॉरंटी रद्द, अशी अटही असते. लाकडाखाली माती नसून बारीक भुकटी पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगा, आणि तो वाळवीच्या करारातही नसतो. ढेकूण, उंदीर, डास, मधमाश्या हेही साधारण करारात बाहेरच असतात. ढेकणांना तर पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या लागतात, आणि ते प्रवासाच्या बॅगेतून परत येतात म्हणून त्यांची हमी फार लांबची मिळत नाही.

या जूनमध्ये मी नवा करार केला. कंपनीच्या माणसाने कृषी खात्याचा कीटकनाशकांचा परवाना दाखवला, तो आधी पाहिला. मग त्याच्याच पेनाने पावतीवर चार गोष्टी लिहवून घेतल्या: पहिल्या सर्व्हिसनंतर एकविसाव्या दिवशी एक फेरी, कॉल तीन दिवसांत, प्रत्येक वेळी ट्रॉल्या बाहेर काढूनच जेल, आणि लावलेल्या औषधाचं नाव सर्व्हिस स्लिपवर. त्याने पहिल्या तीनवर सही केली. चौथीवर म्हणाला, ‘‘नाव मुलगा तोंडी सांगेल.’’ मी पेन त्याच्या हातात तसंच ठेवलं, आणि चहा टाकायला आत गेले.